ग्रंथांची यादी आणि वादाची मांडणी : एकत्र कुटुंबावरील संशोधनाचा आढावा

समाजशास्त्रातील बहुतेक प्रबंधांचे दुसरे प्रकरण संशोधन-साहित्याच्या आढाव्याचे असते. निवडलेल्या विषयावर आधी कोणी काय लिहिले, त्यातून कोणत्या गोष्टी प्रस्थापित झाल्या, कोणत्या वादग्रस्त राहिल्या आणि नव्या संशोधनाला जागा कोठे आहे, हे सांगणे त्याचे काम असते. प्रत्यक्षात मात्र हे प्रकरण पुष्कळदा प्रत्येक ग्रंथाला एक परिच्छेद या हिशेबाने लिहिले जाते. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात लेखकाच्या नावाने आणि प्रकाशनवर्षाने होते, त्याखाली त्या ग्रंथाचा गोषवारा येतो आणि लगेच पुढचे नाव सुरू होते. अशा प्रकरणातील एकही वाक्य चुकीचे नसेल, तरी त्या ग्रंथांचा एकमेकांशी संबंध काय, कोण कोणाला उत्तर देत आहे आणि मतभेद नेमका कशाबद्दल आहे, हे वाचकाला ते सांगत नाही. ग्रंथांची यादी आणि वादाची मांडणी यांतला फरक एखाद्या विषयाच्या तपशिलात शिरल्यावरच नीट दिसतो. त्यासाठी भारतीय समाजशास्त्रातील एक जुना आणि अजूनही न मिटलेला प्रश्न येथे घेतला आहे: भारतातील एकत्र कुटुंब मोडत आहे काय?

या प्रश्नावरील लेखन मुबलक आहे, आणि मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाशी व पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी संबंधित अभ्यासकांचा त्यात मोठा वाटा आहे. आढावा लिहू लागलेल्या विद्यार्थ्याच्या टेबलावर साधारणपणे पुढील ग्रंथ व लेख जमा होतात: इरावती कर्वे यांचा भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरचा 1953 चा ग्रंथ, क. म. कापडिया यांचा नवसारी आणि भोवतालच्या खेड्यांतील कुटुंबांवरचा 1956 चा अभ्यास, आयलीन रॉस यांचे बंगळूरमधील हिंदू कुटुंबांवरचे 1961 चे पुस्तक, हेन्री ऑरेनस्टाइन यांचा जनगणनेच्या आकडेवारीवर आधारलेला 1961 चा लेख, विल्यम गुड यांचा जगभरातील कुटुंबबदलांवरचा 1963 चा ग्रंथ, आय. पी. देसाई यांचा सौराष्ट्रातील महुवा या लहान शहरावरचा 1964 चा ग्रंथ, मिल्टन सिंगर यांचा मद्रासच्या उद्योजक घराण्यांवरचा 1968 चा लेख, म. स. गोरे यांचा दिल्ली परिसरातील अगरवाल कुटुंबांवरचा त्याच वर्षीचा ग्रंथ, पॉलीन कोलेंडा यांचा प्रादेशिक तुलनेचा लेख आणि अ. म. शहा यांचा 1973 चा ग्रंथ. हे साहित्य एकामागोमाग मांडले, तर मसुदा असा काहीसा उतरतो: ‘रॉस (1961) यांनी बंगळूरमधील कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांना मोठ्या एकत्र कुटुंबांकडून लहान कुटुंबांकडे जाणारा कल आढळला. ऑरेनस्टाइन (1961) यांनी जनगणनेचा अभ्यास केला. घरातील माणसांची सरासरी घटलेली नाही असे त्यांनी दाखवले. देसाई (1964) यांनी महुवा येथे अभ्यास केला. विभक्त राहणाऱ्या कुटुंबांतही एकत्रपणा टिकून असतो असे त्यांचे मत आहे.’

या सहा वाक्यांत तीन वेगळे निष्कर्ष आहेत. रॉस यांचे ऐकावे तर कुटुंबे लहान होत आहेत, ऑरेनस्टाइन यांचे ऐकावे तर होत नाहीत, आणि देसाई यांच्या म्हणण्यानुसार घर लहान आहे की मोठे हा मूळ प्रश्नच नाही. मसुद्याने हे तिन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले आहेत आणि त्यांच्यातील विसंगतीबद्दल तो मौन पाळून आहे. त्यांना एकत्र आणणारा धागा फक्त सालांचा आहे, आणि प्रकाशनाचे साल हा वैचारिक संबंध नव्हे. रॉस आणि ऑरेनस्टाइन यांचे लेखन एकाच वर्षी प्रसिद्ध झाले म्हणून ते एकमेकांचे शेजारी ठरत नाहीत. याउलट देसाई आणि शहा यांच्या ग्रंथांत नऊ वर्षांचे अंतर असले, तरी एकत्रपणा कशात शोधावा या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरे असल्यामुळे त्यांना एकमेकांपासून दूर ठेवून चालत नाही.

वादानुसार मांडणी करायची, तर वाचनाची टिपणेच वेगळ्या पद्धतीने घ्यावी लागतात. गोषवारा लिहिण्याऐवजी प्रत्येक ग्रंथाला ठरावीक प्रश्न विचारायचे असतात: लेखक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, त्याने प्रत्यक्षात काय मोजले किंवा पाहिले, पुरावा कोठला आणि कोणत्या काळातला आहे, आणि त्याचा आक्षेप कोणावर आहे. ही उत्तरे तक्त्यात भरली जातात. आडव्या ओळींत ग्रंथ आणि उभ्या रकान्यांत प्रश्न असतात, आणि पुढे आढावा लिहिताना ओळी बाजूला ठेवून रकाने वाचले जातात. ‘काय मोजले’ हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, की एकत्र कुटुंबावरील साहित्यातील पहिला आणि सर्वांत खोल वाद उघडा पडतो, कारण तेथे प्रत्येक लेखकाने वेगळीच गोष्ट मोजलेली दिसते.

कर्वे यांच्या व्याख्येत एकत्र कुटुंब म्हणजे साधारणपणे एका छपराखाली राहणारा, एका चुलीवर शिजलेले अन्न खाणारा, समाईक मालमत्ता असणारा, कुळाचार एकत्र पाळणारा आणि विशिष्ट नात्यांनी जोडलेला गट. या व्याख्येत निवास, स्वयंपाक, मालमत्ता, धर्मविधी आणि नाते हे पाच निकष एकत्र गुंफलेले आहेत. पाचही जुळले की प्रश्न उरत नाही. पण भावांनी चुली वेगळ्या मांडल्या आणि जमीन मात्र सामाईक ठेवली, किंवा एक भाऊ नोकरीसाठी मुंबईला गेला आणि दरमहा पैसे पाठवत राहिला, तर त्या कुटुंबाला एकत्र म्हणायचे की विभक्त? जनगणनेपुढे ही अडचण येत नाही, कारण ती एका स्वयंपाकघराच्या आधाराने घर मोजते आणि वेगळ्या चुलीची तिच्या लेखी वेगळी नोंद होते. 1911 च्या जनगणनेचे आयुक्त ई. ए. गेट यांनी तेव्हाच निदर्शनास आणले होते की घरातील माणसांची सरासरी पाचच्या आसपास असल्याने मोठे एकत्र कुटुंब हा सर्वसाधारण नियम मानता येत नाही. ऑरेनस्टाइन यांनी अशाच आकडेवारीची दीर्घ काळाची तुलना केली. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा होता की आकार घटलेला दिसत नसेल, तर ऱ्हासाचे बोलणे पुराव्याविना आहे.

देसाई यांनी या मोजणीच्या मुळावरच बोट ठेवले. एकत्रपणा ही घराच्या भिंतींत मावणारी गोष्ट नसून नात्यांतून आणि कर्तव्यांतून चालणारी व्यवस्था आहे, ही त्यांची भूमिका होती. तिला अनुसरून त्यांनी एकत्रपणाच्या पायऱ्या कल्पिल्या. ज्या घराचे इतर आप्तांशी देण्याघेण्याचे कोणतेही बंधन नाही, त्याचा एकत्रपणा शून्य. वेगळे राहूनही परस्परांची जबाबदारी उचलणाऱ्या घरांचा एकत्रपणा खालच्या पायरीवर, समाईक मालमत्ता असणाऱ्यांचा त्याहून वर, आणि तीन पिढ्या एकत्र नांदणारे पारंपरिक कुटुंब सर्वांत वर. या दृष्टीने पाहिल्यास जनगणनेत विभक्त ठरलेली कितीतरी घरे व्यवहारात एकत्र निघतात.

शहा यांनी याच्या उलट दिशेने शिस्त आणली. 1964 मध्ये त्यांनी कुटुंबाच्या अभ्यासातील मूलभूत संज्ञांवर एक लेख लिहिला, आणि 1973 च्या ग्रंथात गुजरातमधील एका खेड्याचा क्षेत्राभ्यास व इतरांच्या अभ्यासांचा आढावा ही दोन्ही कामे एकत्र केली. या आढाव्याचा उल्लेख त्यांनी ग्रंथाच्या उपशीर्षकातच केला आहे. एकत्र राहणाऱ्या व जेवणाऱ्या माणसांचा गट ही एक गोष्ट, आणि मालमत्तेने, कर्तव्याने वा कुळाने बांधलेला आप्तांचा विस्तृत गट ही दुसरी गोष्ट. दोन्हींना कुटुंब म्हटल्यामुळेच गोंधळ माजला आहे आणि दोन्हींचा अभ्यास स्वतंत्रपणे केल्याशिवाय बदलाविषयी काहीही ठामपणे म्हणता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आढावा कसा असावा याचा हा ग्रंथ स्वतःच एक नमुना आहे. शहा पूर्वसूरींना सालवार हजर करत नाहीत, तर प्रत्येकाने कोणत्या गोष्टीला कुटुंब म्हटले हे तपासतात आणि जे मतभेद केवळ वेगळ्या मोजणीमुळे दिसतात ते बाजूला काढतात.

हे लक्षात आले की सुरुवातीच्या मसुद्यातील तीच माहिती वेगळ्या रीतीने लिहिता येते: ‘एकत्र कुटुंबाच्या ऱ्हासाबद्दलचा मतभेद बऱ्याच अंशी मोजमापाचा मतभेद आहे. ऑरेनस्टाइन (1961) घरातील माणसांच्या सरासरीवरून ऱ्हास नाकारतात, परंतु सरासरी आकडा घराची रचना सांगत नाही, कारण सहा माणसांचे घर आईवडील व चार मुले यांचे असू शकते, तसेच आजी, दोन विवाहित मुलगे, त्यांच्या बायका आणि एक नातू यांचेही असू शकते. देसाई (1964) रचनेऐवजी कर्तव्यांकडे पाहतात आणि वेगळ्या चुली असूनही एकत्रपणा टिकतो असे दाखवतात, तर शहा (1973) निवास आणि आप्तगट यांचा वेगवेगळा हिशेब मागतात. देसाई आणि शहा या दोघांच्याही विवेचनानुसार केवळ जनगणनेवरून ऱ्हासाचा निर्णय देता येत नाही, मात्र तिच्या जागी काय आणावे याबाबत त्यांची उत्तरे भिन्न आहेत.’ येथे वाक्यांची रचना ‘परंतु’, ‘तर’, ‘मात्र’ या जोडांवर उभी आहे आणि प्रत्येक लेखक दुसऱ्याच्या संदर्भात येतो. शिवाय परिच्छेदाचे पहिले वाक्य कोणत्याही ग्रंथाचे नसून आढावा घेणाऱ्याचे स्वतःचे आहे. साहित्याबद्दलचे हे विधान इतर कोणी आयते दिलेले नसते. ते सर्व ग्रंथ समोर ठेवून वाचल्यावरच सुचते, आणि त्याचा खरेखोटेपणाही तपासता येतो.

दुसरा वाद कारणांचा आहे. औद्योगिकीकरण आणि शहरीकरण यांमुळे जगभरची कुटुंबे पतिपत्नी व त्यांची मुले एवढ्यापुरत्या रचनेकडे सरकतात, अशी गुड यांची व्यापक मांडणी होती. रॉस यांची बंगळूरमधील निरीक्षणे तिच्याशी जुळतात. कापडिया यांना मात्र नवसारी या शहरात एकत्र कुटुंबांचे प्रमाण भोवतालच्या खेड्यांपेक्षा कमी आढळले नाही, सिंगर यांनी मद्रासच्या उद्योजकांनी कारखाने उभारूनही कुटुंबव्यवस्था नव्या परिस्थितीशी जुळवून घेत टिकवल्याचे दाखवले, आणि गोरे यांना अगरवाल कुटुंबांत शहराचा परिणाम मर्यादित स्वरूपातच दिसला. एवढ्यावरून ‘गुड यांचे समर्थक’ आणि ‘गुड यांचे विरोधक’ अशा दोन फळ्या उभ्या करण्याचा मोह होतो. वादानुसार मांडणी करताना होणारी ही सर्वांत मोठी चूक असून ती साध्या यादीपेक्षाही अधिक घातक ठरते, कारण यादी निदान खोटे चित्र तरी रंगवत नाही.

फळ्या पाडण्याआधी दोन अभ्यास खरोखर एकाच गोष्टीबद्दल परस्परविरोधी बोलतात काय, हे तपासावे लागते. सिंगर यांचा पुरावा एकोणीस उद्योजक घराण्यांचा आहे. व्यवसाय, भांडवल आणि घराण्याची पत यांनी अशा घरातील भाऊ एकमेकांशी जखडलेले असतात, वेगळे होण्यात त्यांचे आर्थिक नुकसान असते आणि मोठे घर बांधण्याची त्यांची ऐपत असते. रॉस यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्या मध्यम व वरच्या वर्गातील सुशिक्षित लोकांत नोकरीवर जगणारेही होते. पगार ज्याचा त्याच्या हाती येतो आणि बदली एकट्याची होते. गोरे यांचे अगरवाल हे व्यापारी परंपरेचे. त्यामुळे हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत; मालमत्ता आणि उत्पन्न कोणत्या स्वरूपाचे आहे यावर शहराचा परिणाम अवलंबून असावा, अशी एक शंका मात्र ते सगळे मिळून निर्माण करतात. ती कोणत्याही एका ग्रंथाचा निष्कर्ष नसल्यामुळे आढावा घेणाऱ्याने आपली म्हणून, योग्य त्या सावधपणाने मांडायला हवी. वादानुसार मांडणी केली की एकाच ग्रंथाची दोन ठिकाणी हजेरी लागते, याची भीती बाळगण्याचे कारण नाही. ऑरेनस्टाइन मोजमापाच्या वादात येतात तसे येथेही येऊ शकतात, आणि देसाई तर जवळजवळ प्रत्येक वादात डोकावतात. ग्रंथ एकदाच उल्लेखून संपवायचा हा दंडक यादीचा असतो.

कारणांच्या वादात एक घटक बराच काळ दुर्लक्षित राहिला, तो म्हणजे आयुर्मानाचा. तीन पिढ्या एकत्र राहायच्या तर तिसरी पिढी जन्मेपर्यंत पहिली हयात हवी. मृत्युमान जास्त असताना अनेक घरांना, इच्छा असूनही, तीन पिढ्यांचे घर होणे शक्यच नव्हते, आणि आयुर्मान वाढले तशी ही शक्यता वाढली. शहा यांनी वृद्ध आणि कुटुंबबदल यांवरील 1999 च्या लेखात हा मुद्दा ठळकपणे मांडला आहे. याला जोडूनच घराच्या आयुष्यक्रमाची कल्पना येते. लग्नानंतर मुलगा आईवडिलांबरोबर राहतो, भाऊ कालांतराने वेगळे होतात, वेगळ्या झालेल्या भावाची मुले मोठी होऊन त्यांची लग्ने होतात आणि त्याचे घर पुन्हा एकत्र होते. म्हणजे एकाच दिवशी मोजलेली विभक्त घरे ही एकत्र घरांची शत्रू नसून त्यांच्याच वाटचालीतला एक टप्पा असू शकतात. ही कल्पना मानववंशशास्त्रात मेयर फोर्ट्स यांनी 1958 मध्ये मांडली. आढाव्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की ती वादाच्या दोन्ही बाजूंच्या पुराव्याला एकदम प्रश्न विचारते: एका वेळची शिरगणती करून काढलेला कोणताही टक्का बदल दाखवतो की टप्पा? अशा लेखनाला आढाव्यात बाजूंच्या बाहेर, वादाची चौकट बदलणारे म्हणून जागा द्यावी लागते. कोलेंडा यांचा 1968 चा लेख त्याच जातीचा आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील अनेक अभ्यासांतून मिळणारी प्रमाणे शेजारी मांडून त्यांनी दाखवले की गंगेच्या मैदानात एकत्र घरांचे प्रमाण उंच आहे आणि अन्यत्र ते बरेच बदलते. याचा संबंध त्यांनी घरातील सुनेला वेगळे होण्यासाठी किती जोर लावता येतो याच्याशी जोडला. कुटुंब मोडत आहे काय, या प्रश्नाच्या जागी कोठे, कोणाचे आणि कोणाच्या रेट्याने, हे प्रश्न त्यामुळे उभे राहिले.

वाद मांडून झाले की उणीव शोधण्याचे काम येते, आणि येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘सातारा जिल्ह्यातील अमुक तालुक्यात या विषयावर अभ्यास झालेला नाही, म्हणून प्रस्तुत अभ्यास आवश्यक आहे’ हे वाक्य असंख्य प्रबंधांत सापडते. एखाद्या तालुक्यात अभ्यास न होणे ही वस्तुस्थिती असली, तरी ती उणीव ठरत नाही, कारण तेथे अभ्यास झाल्याने वादातील कोणाच्याही भूमिकेला बाधा येईल किंवा बळ मिळेल असे त्या वाक्यात काहीच नसते. शिवाय ते वाक्य पुष्कळदा चुकीचेही असते. सातारा जिल्ह्यातील सुगाव या गावातील पुरुषांच्या मुंबईतील नोकऱ्या आणि मागे राहिलेल्या स्त्रिया यांवर हेमलता दांडेकर यांचे 1942 ते 1982 या चाळीस वर्षांचा मागोवा घेणारे पुस्तक आहे. शहरनियोजनाच्या आणि ग्रामीण अर्थकारणाच्या कप्प्यात ठेवलेले हे पुस्तक ‘एकत्र कुटुंब’ हे शब्द टाकून शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. गिरणी कामगारांचे गावाशी टिकलेले नाते राजनारायण चंदावरकर यांच्या 1994 च्या मुंबईवरील इतिहासग्रंथात सविस्तर आले आहे, तेही समाजशास्त्राच्या यादीत बहुधा नसते. उणीव जाहीर करण्यापूर्वी शेजारच्या शास्त्रांत, मराठी आणि गुजराती लेखनात, आणि शोधगंगा या प्रबंधसंग्रहात तोच प्रश्न वेगळ्या शब्दांनी शोधावा लागतो, तो याच कारणाने.

खरी उणीव वादाच्या पोटातून निघते. वर उभा केलेला तक्ता पुन्हा वाचला तर असे दिसते की देसाई कर्तव्ये मोजतात, पण ती एका विशिष्ट काळातली आहेत. त्याच घरांचे पुढे काय झाले, ही त्यांच्या तक्त्याबाहेरची गोष्ट आहे. घराच्या आयुष्यक्रमावर भर देणारे अभ्यास काळाचे भान ठेवतात, पण ते प्रामुख्याने एका छपराखालच्या माणसांकडे पाहतात. उत्तर प्रदेशातील करीमपूर गावातील कुटुंबांचा साठ वर्षांचा मागोवा सुसान वाडली आणि ब्रूस डेर यांनी 1988 मध्ये मांडला, तोही एका गावात राहून मोजता येणाऱ्या घरांचाच आहे. 2004-05 आणि 2011-12 मधील भारत मानव विकास सर्वेक्षणात बरीचशी घरे दोन्ही वेळा तीच असल्याने काळ आणि संख्या दोन्ही हाती येतात, मात्र एका भावाच्या घराची निवड झाली म्हणून दुसऱ्या भावाचे घरही निवडले जाईल अशी त्याची रचना नाही. म्हणजे एका बाजूला काळ नसलेली कर्तव्ये आणि दुसऱ्या बाजूला कर्तव्ये नसलेला काळ. वेगळ्या राहणाऱ्या भावांमधील देणेघेणे हा विभक्त होण्याच्या वाटेवरचा तात्पुरता टप्पा आहे की आईवडील गेल्यावर आणि जमिनीची वाटणी झाल्यावरही टिकणारी व्यवस्था आहे, याचे उत्तर यांपैकी कोणाच्याही पुराव्यातून थेट निघत नाही. ही उणीव खरी आहे हे ओळखण्याची कसोटी अशी, की उत्तर कोणतेही आले तरी कोणाला तरी आपले म्हणणे बदलावे लागते. वाटणीनंतर देणेघेणे आटत असेल, तर देसाई यांच्या खालच्या पायऱ्या म्हणजे संपत आलेल्या एकत्रपणाची शेपटी ठरतात. टिकत असेल, तर घरांची शिरगणती करून ऱ्हास सांगणाऱ्यांचा आधार ढासळतो.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती वादाच्या सर्व बाजूंना समान असल्यामुळे सहज नजरेतून निसटते. कुटुंब एकत्र आहे काय, हे विचारले कोणाला? घरोघरी फिरून केलेल्या पाहणीत माहिती देणारा बहुधा कुटुंबप्रमुख असतो, आणि त्याने सांगितलेला एकत्रपणा घराचा म्हणून नोंदवला जातो. भावाला पाठवलेले पैसे कोणाच्या खर्चात काटछाट करून गेले, सासूच्या आजारपणात गावी जाऊन कोण राहिले, हे त्याच्या उत्तरात येईलच असे नाही. पुढे लीला दुबे यांचे आप्तसंबंध व स्त्रिया यांवरील लेखन आणि बीना अगरवाल यांची घरांतर्गत सौदाशक्तीची मांडणी यांनी घराला एकजीव मानण्याच्या सवयीलाच आव्हान दिले. आढाव्यात हे लेखन पुष्कळदा ‘स्त्रीवादी दृष्टिकोन’ या वेगळ्या उपशीर्षकाखाली शेवटी जोडलेले आढळते. ही सोय लेखकाची असते, पण त्यामुळे त्या लेखनाची धार जाते. त्याची जागा मोजमापाच्या पहिल्या वादात, देसाई आणि शहा यांच्या शेजारी आहे, कारण कर्तव्य म्हणजे काय आणि ते कोण पार पाडते हा प्रश्न ते त्या दोघांनाही विचारते. कोलेंडा यांनी सुनेच्या जोराकडे लक्ष वेधले होते, हे येथे आठवले की जुन्या आणि नव्या लेखनातला दुवाही सापडतो.

मांडणी खरोखर वादानुसार झाली आहे की यादीवरच उपशीर्षके चढवली आहेत, हे तपासण्याचा एक साधा उपाय आहे. प्रकरणातील कोणतेही दोन परिच्छेद अदलाबदल करून पाहावेत. काहीच बिघडत नसेल, तर ती यादी आहे. ‘शहरी कुटुंबावरील अभ्यास’, ‘ग्रामीण कुटुंबावरील अभ्यास’, ‘परदेशी अभ्यासकांचे संशोधन’ आणि ‘भारतीय अभ्यासकांचे संशोधन’ असे गट पाडलेली प्रकरणे या तपासणीत हमखास सापडतात. सिंगर आणि गोरे यांना राष्ट्रीयत्वावरून वेगळ्या गटांत टाकले, की शहरी व्यापारी घराण्यांबाबत दोघे एकमेकांच्या जवळ येतात ही गोष्टच लपते. दुसरा दोष उसन्या वाचनाचा आहे. देसाई यांचा ग्रंथ न पाहता शहा यांनी केलेल्या टीकेवरून देसाई सांगितले, तर वादाची एक बाजू प्रतिपक्षाच्या तोंडून ऐकल्यासारखे होते, आणि पायऱ्यांची त्यांची मांडणी जेवढी बारकाईची आहे तेवढी ती उतरत नाही. लेखकाला एका भूमिकेत गोठवणेही तितकेच चुकीचे आहे. शहा यांचे 1964, 1973 आणि 1999 चे लेखन एकाच वाक्यात गुंडाळले, तर संज्ञा स्पष्ट करण्यापासून वृद्धांच्या प्रश्नापर्यंत त्यांच्या विचाराचा झालेला प्रवास वाचकाला दिसत नाही.

उणीव अशा रीतीने निश्चित झाली, की संशोधनाची पद्धतही जवळजवळ ठरूनच येते. भावांमधील देणेघेणे कोणत्या टप्प्यावर बदलते हे पाहायचे असेल, तर समजा साताऱ्यातील एखादे गाव आणि मुंबई-पुण्यात गेलेले तेथील भाऊ अशी जोडघरे निवडावी लागतील, म्हणजे एका टोकाची घरे मोजून भागणार नाही. या जोड्या तीन प्रकारच्या हव्यात: आईवडील हयात असलेल्या, आईवडील गेले पण सातबाऱ्यावर सर्व भावांची नावे अजून एकत्र असलेल्या, आणि वाटणी पूर्ण झालेल्या. प्रत्येक घरात भाऊ आणि त्याची पत्नी यांना तेच प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतील: गेल्या वर्षभरात कोणाच्या लग्नाला, दुखण्याला, शिक्षणाला किंवा शेतीला काय दिले, काय घेतले आणि ते कोणी ठरवले. निरनिराळ्या टप्प्यांवरची घरे एकाच वेळी पाहून काळाचा अंदाज बांधणे ही या पद्धतीची मर्यादा राहील, कारण आज वाटणी झालेले भाऊ आणि उद्या वाटणी करणारे भाऊ वेगळ्या पिढ्यांचे असतात. फोर्ट्स यांच्या कल्पनेच्या आधारे शिरगणतीवर घेतलेला आक्षेप अशा अभ्यासालाही अंशतः लागू होतो, आणि ही नोंद पद्धतीच्या प्रकरणात करताना आढाव्यातील त्या परिच्छेदाचा संदर्भ तेथे द्यावा लागतो.